पारा शून्याखाली उतरताना

तंबू उभा राहिला की माझं पहिलं काम ठरलेलं असतं: थर्मामीटरची वायर बाहेर काढणं. माझ्याकडे एक छोटं डिजिटल यंत्र आहे. त्याच्या पडद्यावर दोन आकडे दिसतात, वर IN आणि खाली OUT. आतला सेन्सर यंत्रातच असतो, बाहेरचा लांब वायरच्या टोकाला. ही वायर मी झिपच्या खालच्या कोपऱ्यातून बाहेर नेते, तंबूपासून चार पावलांवर एक ट्रेकिंग पोल रोवते आणि सेन्सर त्याला गुडघ्याच्या उंचीवर बांधते. वरून पुठ्ठ्याची एक लहानशी टोपी. ही टोपी महत्त्वाची. उघड्या आकाशाखाली टांगलेला सेन्सर रात्री स्वतःची उष्णता आकाशाकडे सोडत राहतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतो. मग पडद्यावर दिसतो तो आकडा हवेचा नसतो, सेन्सरचाच असतो.

ट्रेकला निघण्याआधी सेन्सर एकदा बर्फाच्या पाण्यात तपासून घ्यायचा. ग्लासभर चुरलेला बर्फ, तो जेमतेम बुडेल इतकं पाणी, नीट ढवळायचं, सेन्सर मधोमध धरायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत ते मिश्रण शून्यावरच राहतं. माझं यंत्र तिथे ०.४ दाखवतं, म्हणून पुढचे सगळे आकडे तेवढे कमी करून लिहिले आहेत.

या वेळी बरोबर माझा मामेभाऊ होता. एवढ्या उंचीवर तंबूत झोपायची त्याची पहिलीच वेळ. माझी वायरीची खटपट बघून म्हणाला, "ताई, हे कशाला? थंडी वाजली की कळेलच की."

"कळतं, पण उशिरा," मी म्हटलं. "अंग कुडकुडायला लागतं तेव्हा हातातला वेळ गेलेला असतो. पाणी गरम करायचं, मॅट बदलायची, कपडे कोरडे ठेवायचे, हे सगळं ऊब असतानाच उरकायला लागतं. रात्र कुठवर जाणार हे आठ-नऊ वाजता ओळखता आलं पाहिजे."

जागा आमच्या मनासारखी नव्हती. उंची साधारण ३,६०० मीटर. दरीच्या तळाशी गवताची सपाटी, कडेने ओढा, तिन्ही बाजूंनी उतार. ओढ्यापासून तीसेक मीटर वर एक छान पायरीसारखी सपाटी होती, पण तिथे दुसऱ्या एका गटाचे तंबू आधीच लागलेले होते आणि आणखी एकाला जागा नव्हती. तळाशी राहायचं म्हणजे थंडी जास्त, हे धरूनच चालायचं. रात्री उतारावरची जमीन गार होते, तिला चिकटलेली हवा गार होऊन जड होते आणि हळूहळू खाली सरकते. भांड्यात पाणी साठावं तशी ती तळाशी साठत जाते. वारा नसेल तर वरची सपाटी आणि तळ यांच्यात चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो, तोही तिथे पोचायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत इतक्या अंतरात.

सव्वापाचला ऊन समोरच्या धारेमागे गेलं. तेव्हा बाहेर ५ अंश होते. त्यानंतरचा तासभर आकडा भराभर उतरला. साडेसहाला १, आणि सात वाजून गेल्यावर थोड्याच वेळात शून्य. आकाश पूर्ण मोकळं, हवा कोरडी, वारा शून्य. अशा रात्री जमीन उष्णता वर सोडत राहते आणि ती अडवून परत पाठवणारं वर काही नसतं. ढग असते तर त्यांनी त्यातली बरीच उष्णता खाली परत दिली असती.

भावाने एक गोष्ट बरोबर हेरली. सेन्सरवर अजून २ अंश होते तेव्हाच त्याच्या बुटाखाली गवत करकरलं. तो वाकून बघायला लागला. गवताच्या पात्यांच्या कडांवर पांढरी बारीक लव उगवली होती. पातं डोळ्याजवळ धरून टॉर्च मारली की सुया वेगवेगळ्या दिसत होत्या, सगळ्या पात्याच्या वरच्या बाजूला, खालच्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. वरची बाजू आकाशाकडे तोंड करून असते, तीच आधी गार होते. "अजून शून्य झालं नाही आणि बर्फ कसा?" त्याने विचारलं. गुडघ्याच्या उंचीवरची हवा आणि गवताचा पृष्ठभाग यांच्यात अशा रात्री काही अंशांचा फरक असतो, गवत केव्हाच शून्याखाली गेलेलं असतं. हवामान केंद्रातलं तापमान तर माणसाच्या छातीच्या आसपासच्या उंचीवर मोजतात. तिथे २ किंवा ३ अंश नोंदले गेले असतील तेव्हाही जमिनीवर झोपणाऱ्याच्या खाली गोठलेलं गवत असू शकतं. आपण झोपतो जमिनीवर, म्हणून मी सेन्सर खाली बांधते.

साडेआठला उणे २.५. आता उतरण्याचा वेग मंदावला होता. संध्याकाळी तासाला जवळजवळ तीन अंश जात होते, आता एक, मग त्याहूनही कमी. यात दोन गोष्टी असतात. जमीन जितकी गार तितकी ती कमी उष्णता सोडते, हे एक. दुसरं म्हणजे हवेतली वाफ. वाफ पृष्ठभागावर थेट बर्फ होऊन बसते तेव्हा तिच्यातली लपलेली उष्णता बाहेर पडते आणि थंडीला थोडा लगाम बसतो. गवतावरचं पांढरं दव दाट होत जातं तेव्हा आकडा रेंगाळतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. हवा फार कोरडी असेल तर हा लगाम उशिरा लागतो आणि रात्र जास्त खोल जाते.

म्हणून अंदाज बांधायची वेळ ही. संध्याकाळचा वेग धरून हिशेब केला तर पहाटे उणे तीस निघेल, तो चुकीचा. वेग मंदावल्यानंतरच्या तासाभराचा वेग धरायचा. तो तासाला अर्धा ते पाऊण अंश होता आणि उजाडायला दहा तास होते. त्यावरून मी म्हटलं, बाहेर उणे ८ च्या आसपास जाईल, तंबूत उणे ४ ते ५.

आता हा आकडा कुणाला लागू आहे ते बघायचं. माझ्या स्लीपिंग बॅगच्या लेबलवर 'कम्फर्ट' उणे ५ आणि 'लिमिट' उणे ११ असं छापलेलं आहे. भावाच्या बॅगवर कम्फर्ट ० आणि लिमिट उणे ६. हे आकडे ठरलेल्या चाचणीतून येतात, गरम केलेला पुतळा बॅगेत ठेवून. कम्फर्ट म्हणजे आरामात, अंग सैल सोडून झोपलेली सरासरी स्त्री. लिमिट म्हणजे अंग आखडून, कुशीवर मुटकुळं करून झोपलेला सरासरी पुरुष, आठ तास, थंडीने न जागता. लेबलवर तिसरा आकडा असतो 'एक्स्ट्रीम', त्याकडे बघून बॅग कधी घेऊ नये. तो झोपेचा नाही, जीव वाचण्याचा आकडा आहे आणि त्यातही शरीराचं तापमान धोकादायक उतरण्याची शक्यता धरलेली असते. शिवाय ही चाचणी चांगल्या मॅटवर, कोरड्या बॅगेत, पातळ कपडे घालून होते. मॅट हलकी असेल तर लेबलचा उपयोग नाही.

तंबूत उणे ४ किंवा ५ म्हणजे भाऊ कम्फर्टच्या बराच खाली आणि लिमिटच्या अगदी जवळ. त्याच्याकडे हवेची मॅट होती, आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, ३. बॅगेचा खालचा भाग आपल्या वजनाने दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि तो भाग ऊब धरत नाही. खाली काम करते ती फक्त मॅट. माझी मॅट जाड आहे, ती एकटी पुरते, म्हणून माझी घडीची फोमची मॅट त्याच्या मॅटखाली घातली. आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते, ३ अधिक २, पाच. त्या रात्री त्याला सगळ्यात जास्त फायदा याचा झाला असं माझं ठाम मत आहे.

मग पाणी. स्टोव्ह तंबूच्या बाहेर, ओट्याच्या, म्हणजे दारापुढच्या आडोशाच्या, तोंडाशी आणि झिप पूर्ण उघडी ठेवून. बंद तंबूत ज्योत पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, आणि थंडीत झिप लावून घ्यायचा मोह सगळ्यात जास्त असतो. एक लिटर पाणी ६० अंशांच्या आसपास गरम करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरलं. बाटली उलटी धरून, हलवून गळत नाही याची खात्री केली. मोज्यात घालून ती त्याच्या मांड्यांच्या मध्ये. हे पाणी ६० वरून ३५ वर येईपर्यंत साधारण १०५ किलोज्यूल उष्णता देतं. झोपलेलं शरीर सुमारे ७५ वॉट उष्णता बनवतं, म्हणजे बाटलीची सगळी शिदोरी शरीराच्या वीस-पंचवीस मिनिटांच्या कामाइतकी. रात्रभर ऊब देणं तिच्याकडून होत नाही. पण गार बॅगेत शिरल्यावरचा पहिला अर्धा तास ती सोपा करते आणि त्या वेळात बॅग तापते.

पाण्याचा फिल्टर, फोन, हेडटॉर्चच्या बॅटऱ्या आणि गॅसचा कॅनिस्टर आमच्या बॅगांत गेले. फिल्टरच्या आत पोकळ धाग्यांचा जुडगा असतो. त्यात राहिलेलं पाणी गोठलं की धागे तडकतात, बाहेरून काहीच दिसत नाही आणि पाणी पूर्वीसारखंच येत राहतं. फरक इतकाच की ते आता गाळलेलं नसतं. एकदा गोठला अशी शंका जरी आली तरी तो फिल्टर बाद धरावा. गॅसचं कारण वेगळं. कॅनिस्टरमध्ये साधा ब्युटेन असेल तर समुद्रसपाटीला त्याचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश आहे, त्याखाली तो वायू व्हायलाच तयार नसतो. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने थोडी सवलत मिळते, आयसोब्युटेन आणि प्रोपेनच्या मिश्रणात आणखी मिळते, तरी पहाटे गार कॅनिस्टरवर ज्योत मरतुकडी येते.

एक अर्धा लिटरची बाटली मात्र मुद्दाम ओट्यावर ठेवली. गुळगुळीत प्लास्टिकची, फिल्टर केलेल्या पाण्याची. भावाला बर्फ कधी होतो ते बघायचं होतं.

दहा वाजता बाहेर उणे ३.५, आत ०.५. आम्हा दोघांच्या अंगाची ऊब आणि श्वास तंबूत कोंडून हा चार अंशांचा फरक राखत होते. मध्यरात्री बाहेर उणे ४.५, आत उणे १. टॉर्च वर मारली तर बाहेरच्या कापडाच्या आतल्या बाजूला पाणी नव्हतं, थेट पांढरा थर होता. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जातं. दोघांचं अर्धा लिटर. ते कुठेतरी बसणारच. बाहेरचं कापड आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही गार होतं, म्हणून तिथे बसतं. ते बॅगेच्या आत बसू नये यासाठी वरचे दोन्ही व्हेंट उघडे ठेवले होते. व्हेंट बंद केले तर आत अंशभर ऊब वाढेल, पण ओल त्याहून महाग पडते. पिसांच्या बॅगेत ओल शिरली की पिसं चिकटतात, फुलत नाहीत आणि पुढच्या रात्री लेबलवरचा आकडा तिथे उरत नाही.

एक वीसला मला तंबूच्या कापडाच्या फडफडीने जाग आली. झुळूक सुटली होती. पडद्यावर पाहिलं: OUT उणे २, IN उणे २. हे मला या रात्रीतलं सगळ्यात बघण्यासारखं वाटलं. बाहेरचं तापमान अडीच अंशांनी चढलं होतं आणि आतलं अंशभर उतरलं होतं. दोन्ही एकाच वाऱ्याने. शांत रात्री जमिनीलगत गार हवेचा पातळ थर साचलेला असतो आणि त्याच्या वर तुलनेने उबदार हवा. वाऱ्याने हे थर ढवळले, वरची ऊब खाली सेन्सरपर्यंत आली. त्याच वाऱ्याने तंबूच्या कापडाखालून शिरून आतली साठवलेली हवा बाहेर काढून टाकली. फक्त बाहेरचा आकडा बघणाऱ्याला वाटलं असतं की रात्र सैल झाली. बॅगेतल्या माणसासाठी ती कडक झाली होती. तोंडावर वारा लागत होता तो वेगळाच. मी वाऱ्याच्या बाजूचा व्हेंट अर्धा लावला, दुसरा उघडाच ठेवला.

सव्वादोनला झुळूक थांबली. त्यानंतर पारा ज्या वेगाने पडला तो संध्याकाळसारखा होता, पाऊण तासात उणे ५. वाऱ्याने आणलेली उसनी ऊब निघून गेली आणि थर पुन्हा बसला. वारा पडल्यावर हायसं वाटतं, पण अशा दरीत वारा पडणं म्हणजे पुढचा उतार सुरू होणं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

तीनच्या सुमारास भावाची हालचाल जाणवली. "ताई, जागी आहेस?"

"हं. काय होतंय?"

"थंडी वाजतेय. पाय गार पडलेत."

मी टॉर्च लावली. आधी त्याच्याशी दोन वाक्यं बोलले, जीभ जड आहे का ते ऐकायला. मग म्हटलं, "बॅगेची झिप उघड आणि परत लाव." बोटांनी नाजूक काम होतंय का, हे बघायचं असतं. कुडकुडणारा माणूस नीट बोलत असेल, झिप लावत असेल तर त्याचं शरीर लढतंय. बोलणं बरळल्यासारखं झालं, बोटं चाचपडायला लागली, आणि विशेषतः कुडकुडणं थांबून माणूस 'मला आता बरं वाटतंय' म्हणायला लागला, तर तो धोका आहे. भावाचं बोलणं स्वच्छ होतं, झिप एका दमात लावली.

कारण शोधायला वेळ लागला नाही. बॅगेच्या गळ्याजवळचं कापड माझ्या हाताला ओलसर लागलं. झोपेत त्याने तोंड आत ओढून घेतलं होतं आणि तो बॅगेतच श्वास सोडत होता. पायातले मोजेही दिवसभर चाललेलेच होते, हाताला कोरडे वाटत होते पण गालाला लावले तेव्हा गार लागले. गालाला ओल लवकर कळते. ते काढून झोपण्यासाठी राखलेले कोरडे मोजे घातले. नाक-तोंड बाहेर ठेवून गळ्याची दोरी ओढली, नाकावर पातळ रुमाल. तो बॅगेत पडल्या पडल्या दोन-तीन मिनिटं पोटाचे व्यायाम करत राहिला, घाम न येईल इतपत, आणि मग थोडं गोड खाल्लं. बाटलीतलं पाणी कोमट झालं होतं, ते पिऊन टाकलं. बॅग स्वतः ऊब बनवत नाही, आत जी आहे ती राखते. गार पडलेल्या माणसाला आणखी एक पांघरूण घालून तो लवकर गरम होत नाही, आधी त्याने स्वतः थोडी उष्णता बनवायला लागते. वीस मिनिटांनी त्याचा श्वास संथ झाला.

साडेचारला बाहेर उणे ७, आत उणे ३.५. भाऊ लघवीला उठला आणि येताना त्याने ओट्यावरची बाटली टॉर्चसमोर धरली. "अगं, हे अजून पाणीच आहे. उणे चारला?"

"हळूच आत आण," मी म्हटलं. "आता एकदा जोरात मांडीवर आपट."

त्याने आपटली. झाकणाजवळ एक पांढरा ठिपका उठला आणि त्यातून सुया फुटल्या, डोळ्यांनी पाठलाग करता येईल इतक्या वेगाने खाली धावल्या. तीन-चार सेकंदांत पूर्ण बाटली धुरकट झाली. तो बघतच राहिला. शांत, स्वच्छ पाणी गुळगुळीत भांड्यात असेल तर ते शून्याखाली काही अंश जाऊनही द्रव राहू शकतं. बर्फाचा पहिला कण तयार व्हायला निमित्त लागतं. धक्का ते निमित्त देतो.

त्याने बाटली उलटी केली. आत दगड नव्हता, लगदा होता आणि तो बाटलीत हलत होता. "मग सगळं का नाही गोठलं?" हा प्रश्न मला फार आवडला. एक लिटर पाणी एक अंशाने गार करायला सुमारे ४.२ किलोज्यूल काढून घ्यावे लागतात, पण शून्यावर आलेल्या तेवढ्याच पाण्याचा बर्फ करायला ३३४. उणे ४ चं पाणी गोठायला लागलं की बर्फ होताना सुटणारी उष्णता उरलेल्या पाण्याला परत शून्यावर आणते. चार अंशांच्या गारठ्यात वीसातला एक हिस्सा गोठतो, तेवढ्यात शिल्लक संपते आणि बाकीचं पाणी तसंच राहतं. पुढचा बर्फ हळूहळू, बाहेरच्या हवेने उष्णता ओढली की होतो. म्हणूनच भरलेली मोठी बाटली उशिरा गोठते आणि पाण्याच्या पिशवीची बारीक नळी सगळ्यात आधी. पिण्याची बाटली रात्री उलटी ठेवतात तेही यासाठीच: बर्फ वर तरंगतो, तो बुडाशी जमतो आणि झाकण मोकळं राहतं.

सहा-सव्वासहाला पूर्वेला उजळलं. भाऊ म्हणाला, "संपलं एकदाचं." पण सगळ्यात थंड वेळ अजून यायची होती. उजेड आला तरी कोवळ्या किरणांची उष्णता जमिनीतून जाणाऱ्या उष्णतेपेक्षा कमीच असते, जमाखर्चाची बरोबरी होईपर्यंत पारा उतरत राहतो. सूर्य वर आला सहा चाळीसला, पण आमच्यासाठी मधल्या धारेआडच. OUT चा नीचांक लागला सहा पन्नासला, उणे ८.५. आत उणे ४.५. सूर्योदय बघायला बॅगेतून आधीच उठून बाहेर उभं राहणारे याच वीस मिनिटांत कुडकुडतात. प्रत्यक्ष ऊन तंबूवर पोचायला आठ वाजले.

त्याआधी एक काम उरकलं. ऊन लागलं की बाहेरच्या कापडाच्या आतला पांढरा थर वितळून थेंबांनी आमच्या बॅगांवर पडणार होता. तो गोठलेला असतानाच झटकला. आधी बॅगा गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, मग आतला तंबू मोकळा करून बाहेरचं कापड उलटं केलं आणि दोघांनी दोन टोकं धरून झटके दिले. ओंजळभर बर्फाचा चुरा गवतावर पडला. तो पाण्याच्या रूपात आत उतरला असता तर पिसांनी टिपून घेतला असता.

भावाच्या बॅगेचा गळा आणि पायाकडचा भाग तरीही दमट होता. बोटांनी चिमटीत धरलं की पिसांच्या बारीक गाठी लागत होत्या. ऊन आल्यावर बॅग उलटी करून दगडावर पसरली, अर्ध्या तासाने हलकेच झटकून गाठी सोडवल्या, परत पसरली. दहा वाजेपर्यंत ती पुन्हा फुगली. आम्हाला आणखी एक रात्र इथेच काढायची होती. वरच्या गटाने नऊला तळ हलवला, तसा आम्ही तंबू उचलून त्या सपाटीवर नेला, पोल रोवला आणि वायर बांधली.

दुसऱ्या दिवशी पहाटे भावाने स्वतः पडदा वाचला. आकाश तसंच मोकळं होतं, वारा तसाच पडलेला. OUT उणे ४, आत उणे १. त्याने वायर काढली, यंत्र, सेन्सर, पोल आणि टोपी घेऊन खाली ओढ्याकाठी आमच्या जुन्या जागेवर गेला, पोल रोवून दहा मिनिटं थांबला आणि वर ओरडून आकडा सांगितला: "ताई, उणे आठ!"